रात्रीत प्रेशर उतरलं: गळती की गारवा? रँकिन स्केलने कसं ठरवायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या कारखान्यात तुम्ही क्वालिटीला नव्याने लागला असाल आणि माल अमेरिकेला जाणार असेल, तर कधी ना कधी तुमच्या हातात असा टेस्ट फॉर्म येईल, ज्यात तापमानाच्या रकान्यापुढे `°R` छापलेलं असतं. थर्मामीटर सेल्सिअसचा, ड्रॉइंगवर फॅरनहाइट, कॉलेजात शिकलेलं केल्विन आणि फॉर्मवर रँकिन. हे कोडं सुटत नाही म्हणून अनेक जण रकाना मोकळा ठेवतात किंवा मोबाइलवर मिळालेला आकडा भरून मोकळे होतात.

मी इथे एकच काम धरून चाललो आहे: हवेची होल्ड टेस्ट. पाइपलाइन किंवा टाकी हवेने भरायची, व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर सोडायची आणि सकाळी प्रेशर बघायचं. रँकिन स्केल कशासाठी आहे, हे या कामात जितकं नीट कळतं तितकं रूपांतराच्या तक्त्यात कळत नाही.

## जवळ काय काय हवं

- गिऱ्हाइकाचा टेस्ट फॉर्म आणि मान्य झालेली टेस्ट प्रोसिजर
- कॅलिब्रेशनची तारीख न उलटलेला प्रेशर गेज, आणि त्याच्या सर्टिफिकेटची प्रत
- पाइपाच्या अंगाला लावता येईल असा थर्मामीटर, शक्यतो दोन
- साधा कॅल्क्युलेटर किंवा एक्सेल
- कोल्हापूरचा हवेचा दाब. आपण समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहोत, त्यामुळे इथे १४.७ ऐवजी सुमारे १३.८ पीएसआय धरायचा
- साबणाचं पाणी आणि ब्रश

हवेची टेस्ट पाण्याच्या टेस्टपेक्षा कितीतरी धोक्याची असते, कारण पाइप किंवा टाकी फुटली तर दाबलेली हवा स्फोटासारखी सुटते. प्रोसिजरमध्ये लिहिलेलं अंतर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह याबाबत कुणी घाई करायला सांगितली तरी ऐकू नका.

## १. आधी चार स्केलची नाती समजून घ्या

कुठल्याही तापमानाच्या स्केलला दोनच गोष्टी विचारायच्या. तुझं शून्य कुठे आहे? आणि तुझा एक अंश केवढा आहे?

सेल्सिअसचं शून्य पाणी गोठतं तिथे आहे. फॅरनहाइटचं शून्य त्याच्याही ३२ फॅरनहाइट अंश खाली आहे. ही दोन्ही शून्यं माणसांनी सोयीने ठरवलेली आहेत, तिथे उष्णता संपत नाही. केल्विन आणि रँकिन यांचं शून्य मात्र एकच आहे: निरपेक्ष शून्य, ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही.

आता अंशाचा आकार. सेल्सिअस आणि केल्विन यांचा अंश सारखा. फॅरनहाइट आणि रँकिन यांचा अंश सारखा, आणि तो लहान आहे. सेल्सिअसच्या एका अंशात फॅरनहाइटचे १.८ अंश बसतात.

म्हणजे केल्विन हे निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं सेल्सिअस आणि रँकिन हे निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं फॅरनहाइट. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष स्केलची कल्पना १८४८ मध्ये मांडली. विल्यम रँकिन यांनी फॅरनहाइटच्या अंशाचं आपलं स्केल १८५९ मध्ये दिलं. दोघंही ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होते. रँकिन वाफेच्या इंजिनांचा अभ्यास करणारे इंजिनिअर होते आणि त्या काळचे इंजिनिअर पौंड, फूट आणि फॅरनहाइटमध्येच काम करत. अमेरिकेतल्या कारखान्यांत ती एककं अजून टिकून आहेत, म्हणून रँकिनही टिकून आहे.

## २. रीडिंग बदला, पण ४५९.६७ हा आकडा कुठून आला ते बघून

पाणी ० °C ला गोठतं. केल्विनमध्ये ते २७३.१५. रँकिनचा अंश लहान म्हणून १.८ ने गुणलं की ४९१.६७. तेच पाणी फॅरनहाइटमध्ये ३२ ला गोठतं. म्हणून ४९१.६७ मधून ३२ वजा केले की उरतात ४५९.६७. फॅरनहाइटचं शून्य निरपेक्ष शून्याच्या इतके अंश वर आहे. आकडा विसरलात तरी या वाटेने दोन ओळींत परत काढता येतो.

```
°R = °F + 459.67
°R = K × 1.8
°R = (°C + 273.15) × 1.8
```

आपल्याकडचे थर्मामीटर बहुतेक सेल्सिअसचे, त्यामुळे तिसरी ओळच रोज लागते. आधी बेरीज, मग गुणाकार. हा क्रम उलटला तर सगळंच चुकतं.

फॉर्मवरचं `°R` खरोखर रँकिनचं आहे ना, हेही एकदा बघून घ्या. जुन्या युरोपियन कागदांवर रेओमूर नावाच्या स्केललाही हीच खूण असायची आणि त्यात पाणी ८० अंशांवर उकळतं. फॉर्मवर नमुन्याला दिलेला आकडा पाचशेच्या घरातला असेल तर ते रँकिनच.

## ३. भागाकार करायचा असेल तर निरपेक्ष स्केलच हवं

बंद भांड्यातली हवा गार झाली की तिचा दाब तापमानाच्या प्रमाणात उतरतो. हे प्रमाण खऱ्या शून्यापासून मोजलेल्या तापमानाचं आहे. ४० °C ची हवा २० °C च्या हवेच्या दुप्पट गरम नसते, कारण सेल्सिअसचं शून्य मुळात शून्य नाही. केल्विनमध्ये बघा: ३१३.१५ आणि २९३.१५. फरक सात टक्क्यांच्या आसपास, दुपटीचा मागमूस नाही.

दाबालाही हाच नियम लागू आहे आणि तो निम्मे लोक विसरतात. गेजचं शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, रिकामं नव्हे. म्हणून गेजच्या आकड्यात आधी बाहेरचा दाब मिळवायचा, हिशोब करायचा आणि शेवटी तो परत वजा करायचा. फॉर्मवर `psig` असेल तर तो गेजचा दाब, `psia` असेल तर निरपेक्ष.

```
P2 = (P1 + 13.8) × (T2 / T1) − 13.8
```

इथे `P1`, `P2` गेजचे आकडे आणि `T1`, `T2` रँकिनमध्ये. केल्विनमध्ये घातले तरी चालतं, कारण दोन्ही स्केलचं शून्य एक आहे आणि भागाकारात १.८ उडून जातो. हीच तुमची उलटतपासणी आहे: रँकिनने आणि केल्विनने काढलेला भागाकार तंतोतंत जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठेतरी रूपांतर चुकलं आहे.

## ४. एक पूर्ण उदाहरण

पत्र्याच्या शेडमध्ये एक पाइपलाइन टेस्टला लावली आहे. दुपारी तीनला गेजवर १०० पीएसआय, पाइपाच्या अंगाचं तापमान ४० °C. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाइप २० °C वर आहे आणि गेज ९२ च्या जरा वर दाखवतो. फोरमन म्हणतो गळती आहे, वेल्डिंगचे सगळे जॉइंट तपासा.

दुपारचं तापमान: (४० + २७३.१५) × १.८ = ५६३.६७ °R.
सकाळचं तापमान: (२० + २७३.१५) × १.८ = ५२७.६७ °R.

भागाकार ५२७.६७ ÷ ५६३.६७ = ०.९३६१. केल्विनने तपासू: २९३.१५ ÷ ३१३.१५ = ०.९३६१. जुळलं.

निरपेक्ष दाब १०० + १३.८ = ११३.८. त्याला ०.९३६१ ने गुणलं की १०६.५. त्यातून १३.८ वजा केले की ९२.७ पीएसआय.

म्हणजे लाइन एकदम घट्ट असती तरी सकाळी गेज ९२.७ च्या आसपासच दिसला असता. उतरलेले सात पीएसआय रात्रीच्या गारव्याचे आहेत. आता इथे साबणाचं पाणी घेऊन जॉइंटमागून जॉइंट शोधत बसलात तर दिवस जाईल आणि सापडणार काहीच नाही. याउलट गेजवर ८८ दिसले असते, तर गारवा वजा जाता पावणेपाच पीएसआय बेपत्ता आहेत आणि तेव्हा ब्रश हातात घ्यायलाच हवा.

## ५. चुकीचं स्केल वापरलं तर काय घडतं

याच उदाहरणात कुणी १३.८ न मिळवता सरळ सेल्सिअसने भाग दिला, २० ÷ ४०, तर सकाळी ५० पीएसआय राहतील असं उत्तर येईल. फॅरनहाइटने, ६८ ÷ १०४, ६५ पीएसआय. ही उत्तरं इतकी विचित्र आहेत की बहुतेक वेळा पकडली जातात. पण जिथे ती पकडली जात नाहीत तिथे मोठं नुकसान होतं. अपेक्षा ६५ ची धरली तर ८० दाखवणारी, धडधडीत गळणारी लाइनसुद्धा पास होऊन जाते.

मला जास्त भीती वाटते ती अर्धवट रूपांतराची, कारण त्यातून येणारं उत्तर शहाण्यासारखं दिसतं. दोन चुका नेहमीच्या आहेत.

पहिली: सेल्सिअसच्या आकड्यातच ४५९.६७ मिळवणं. तापमानं येतात ४९९.६७ आणि ४७९.६७, अपेक्षित प्रेशर ९५.४. मग ९२.७ वरची चांगली लाइन नापास होते.

दुसरी: फॅरनहाइटच्या आकड्यात २७३.१५ मिळवणं. तापमानं ३७७.१५ आणि ३४१.१५, अपेक्षित प्रेशर ८९.१. आता साडेतीन पीएसआयची खरी गळती सरळ झाकली जाते.

यावर एक सोपा उपाय आहे. कोल्हापूरच्या हवेचं तापमान, थंडीतली पहाट धरा की एप्रिलची दुपार, रँकिनमध्ये साधारण ५१० ते ५७० च्या दरम्यानच पडतं. केल्विनमध्ये तेच २८३ ते ३१६. हे दोन पट्टे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सावलीतल्या लाइनचं तापमान रँकिनच्या रकान्यात ४९९ किंवा ३७७ दिसलं की पुढचा हिशोब न बघताच मागे फिरायचं.

गेजमध्ये १३.८ मिळवायला विसरलात तर वरच्या उदाहरणात ९३.६ येतं, चूक एका पीएसआयहून कमी. पण कमी दाबाच्या टेस्टला हीच चूक भारी पडते. टेस्ट १० पीएसआयची असेल तर बरोबर उत्तर ८.५ आहे आणि विसराळू हिशोब ९.४ सांगतो. खरी उतार दीड पीएसआयची, तुम्ही धरली निम्म्याहून कमी, आणि चांगली टाकी गळकी ठरली.

१३.८ ऐवजी पुस्तकातला १४.७ घातला तर १०० पीएसआयच्या टेस्टला फारसं काही बिघडत नाही, फरक जेमतेम ०.०६ पीएसआयचा पडतो. तसंच ४५९.६७ ऐवजी ४६० धरलं तरी भागाकार जवळपास तोच राहतो. फक्त एकाच हिशोबात एकदा ४६० आणि एकदा ४५९.६७ असं मिसळू नका.

## ६. तापमानातला फरक हे वेगळं प्रकरण

काही फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: तापमानात झालेला बदल, तोही `°R` मध्ये. इथे भलेभले घसरतात.

बदलामध्ये शून्य कुठे आहे याला अर्थ नसतो, फक्त अंशाचा आकार बघायचा. दुपारी ४० आणि सकाळी २०, म्हणजे २० सेल्सिअस अंशांचा फरक. तोच २० केल्विन. तोच ३६ फॅरनहाइट अंश आणि ३६ रँकिन अंश. नुसतं १.८ ने गुणायचं, बेरीज काहीही नाही. २७३.१५ नाही, ४५९.६७ नाही आणि ३२ तर अजिबात नाही.

पडताळा घ्या: ५६३.६७ − ५२७.६७ = ३६. आलं.

अमेरिकन तक्त्यांत हवेची विशिष्ट उष्णता ०.२४ `Btu/(lb·°R)` अशी दिसते, तर दुसऱ्या तक्त्यात तोच आकडा `°F` लावून. दोन्ही एकच आहेत, कारण तिथे तो अंश फरकाचा आहे. आकडा बदलायला जाऊ नका.

## ७. एक्सेलमध्ये कसं मांडायचं

एक्सेलच्या `CONVERT` मध्ये रँकिन आहे, फक्त त्याचं नाव `Rank` असं लिहावं लागतं. समजा पहिलं रीडिंग दुसऱ्या ओळीत आणि दुसरं तिसऱ्या ओळीत आहे, `B` मध्ये गेजचं प्रेशर, `C` मध्ये सेल्सिअस. दुसऱ्या रीडिंगला अपेक्षित प्रेशर असं मिळेल:

```
=(B2+13.8)*CONVERT(C3,"C","Rank")/CONVERT(C2,"C","Rank")-13.8
```

वरचे आकडे घालून ९२.७ येतंय का ते आधी बघा, मग शीट वापरात घ्या.

फरकाच्या रकान्यासाठी मात्र `CONVERT` वापरू नका. ते प्रत्येक आकड्याला रीडिंगच समजतं. २० अंशांच्या फरकाला `CONVERT(20,"C","Rank")` केलंत तर ३६ ऐवजी ५२७.६७ छापून येईल. तिथे सरळ `=(C2-C3)*1.8` लिहा.

## ८. उत्तर किती ताणायचं

हिशोबाने ९२.७ आलं आणि गेजने ९२.० दाखवलं, तर ०.७ ची गळती आहे असं म्हणता येत नाही. त्याची तीन कारणं आहेत.

गेज आधी बघा. ० ते १६० चा गेज पूर्ण स्केलच्या एक टक्का अचूक असेल तर तोच १.६ पीएसआय इकडे-तिकडे असू शकतो. त्यापेक्षा लहान फरकावर निकाल देण्याचा त्याला अधिकार नाही. टेस्टच्या मधे गेज बदलायचाही नाही.

दुसरं कारण ओलावा. आपला हिशोब कोरड्या हवेचा आहे. कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून न नेता थेट भरली तर तिच्यात पाण्याची वाफ असते आणि रात्री ती पाइपात पाणी होऊन बसते. वरच्या उदाहरणात हवा दुपारी वाफेने पूर्ण भरलेली असेल तर सकाळी अपेक्षित आकडा ९२.७ नव्हे, ९२.१ च्या आसपास येतो. खालचा ड्रेन उघडल्यावर पाणी निघालं तर हे कारण डोक्यात असू द्या. पावसाळ्यात तर हे हमखास होतं.

तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, थर्मामीटर कुठे लावला. आपल्याला आतल्या हवेचं तापमान हवं आहे आणि आपण मोजतो पाइपाच्या अंगाचं. दुपारी तीनला उन्हाची तिरीप पडलेल्या जागी मोजलंत तर पाइपाचं अंग ५० दाखवेल आणि आतली हवा त्याहून गार असेल. म्हणून एक थर्मामीटर वरच्या अंगाला आणि एक खालच्या सावलीतल्या अंगाला लावा, आणि दोन्ही जवळजवळ सारखे दिसेपर्यंत रीडिंग घेऊ नका. हवा भरल्याबरोबर घेतलेलं रीडिंगही चालत नाही, कारण भरताना हवा तापलेली असते. लाइन निवू द्या.

आणखी एक मर्यादा. हा भागाकार हवा, नायट्रोजन अशा वायूंसाठी आहे. एलपीजीच्या सिलिंडरला किंवा अमोनियाच्या लाइनला तो लावू नका. तिथे आत द्रव आणि वाफ एकत्र असतात आणि तापमान वाढलं की दाब या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त चढतो.

## ९. तरीही शंका राहिली तर

लाइन तशीच बंद ठेवा आणि पाइपाचं तापमान पुन्हा ४० वर येण्याची वाट बघा. दोन्ही वेळचं तापमान एकच असलं की भागाकार १ होतो, रूपांतराचा प्रश्नच उरत नाही. गेज परत १०० वर आला तर लाइन घट्ट आहे. ९५ वरच थांबला तर पाच पीएसआय गेले आहेत, मग कुणी कुठल्याही स्केलने मांडो.

फॉर्म भरताना प्रत्येक रीडिंगसमोर वेळ, गेजचा नंबर, मोजलेलं सेल्सिअस आणि त्याशेजारी काढलेलं रँकिन असे चारही आकडे लिहा. मूळ सेल्सिअस खोडू किंवा गाळू नका. पलीकडच्या इन्स्पेक्टरला शंका आली तर तो त्याच आकड्यावरून हिशोब पुन्हा करून बघतो, आणि तो जुळला की पुढचा पत्रव्यवहार टळतो.